दिलेली तारीख उलटून गेल्यावर

व्यापारी घरात तगादा कसा लावावा, हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. उधारीची वही उघडून बसलेले वडील ती लहानपणापासून पाहत असतात. मात्र त्याच घरातील मुलगा नोकरीसाठी मुलाखत देऊन येतो, ‘अमुक तारखेपर्यंत कळवू’ असे ऐकून येतो आणि ती तारीख निघून जाते, तेव्हा ही उगराणीची सवय त्याच्या कामी येत नाही. किंबहुना अनेकदा ती त्याचे नुकसानच करते. मागील वर्षी पेणमधील एका परिचित कुटुंबात हे मी जवळून पाहिले, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो.

मुलगा एम.कॉम. झालेला. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात लेखा विभागात साहाय्यकाची जागा होती. मंगळवार दिनांक ३ रोजी तो पेणहून रोह्याला गेला. मुलाखत लेखा विभागाच्या प्रमुखांनी घेतली आणि निघताना मनुष्यबळ विभागातील बाईंनी ‘शुक्रवार १३ पर्यंत कळवू’ असे सांगितले. दरम्यान पनवेलच्या एका वाहतूक व्यवसायातून त्याला होकार आला. पगार थोडा कमी, पण उत्तर सोमवार २३ पर्यंत हवे होते. १३ तारीख गेली. रोह्याहून काहीच आले नाही.

शनिवारी सकाळी त्याचे वडील मला म्हणाले, “काका, त्या कारखान्याला माल पुरवणारा आपल्या ओळखीचा आहे. त्याला सांगून वर फोन करवू का?” मी नको म्हणालो. देणेकऱ्याकडे आपले पैसे अडकलेले असतात. तेथे मागणे हा हक्क आहे. येथे कंपनीकडे आपले काहीही येणे नाही. तिने फक्त एक तारीख सांगितली होती. ओळखीच्या पुरवठादाराचा फोन गेला की मुलाखत घेणाऱ्याला वाटते, हा उमेदवार स्वतः बोलू शकत नाही. लेखा विभागात बसणाऱ्या माणसाला तर रोज दहा ठिकाणी स्वतःच विचारणा करावी लागते.

तारीख का चुकते, हे बँकेत असताना मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. कर्जाचा अर्ज शाखेने शिफारस करून वर पाठवला की पुढची सही कोणाच्या टेबलावर किती दिवस थांबेल, हे शाखाधिकाऱ्यालाही ठाऊक नसे. तरी तो ग्राहकाला अंदाजाने तारीख सांगून बसे. नोकरीतही तसेच घडते. विभागप्रमुख पसंती देतो, पण पगाराच्या आकड्याला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. किंवा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला होकार कळवलेला असतो आणि तो आपल्या जुन्या मालकाशी बोलून उत्तर देतो म्हणालेला असतो. त्याचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्या क्रमांकावरच्याला ना होकार देता येतो, ना नकार.

आणखी एक कारण आपल्या लोकांना सांगायची गरज नाही, पण मुलांच्या ते ध्यानात येत नाही. दरमहा विवरण भरणाऱ्या लेखा विभागाचा महिना ठरलेला असतो : ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. त्या प्रमुखांनी १३ तारीख मान्य केली तेव्हा या महिन्यात आपल्याला उसंत कधी मिळेल, हे मोजले असेल असे मला वाटत नाही. म्हणून १६ ते २० या काळात त्यांना विचारणे व्यर्थ होते. विचारायचे ते तारीख सांगणाऱ्या मनुष्यबळ विभागातील बाईंना.

कधी विचारायचे? तारीख शुक्रवारची होती. शनिवार-रविवार सोडून सोमवारचा दिवस त्यांना दिला आणि मंगळवारी, १७ तारखेला सकाळी मुलाने ई-मेल पाठवला. नवे पत्र न लिहिता, मुलाखतीचे बोलावणे ज्या ई-मेलने आले होते त्यालाच उत्तर दिले, म्हणजे बाईंना कोण, कोणती जागा, कोणता दिवस हे शोधावे लागू नये. त्याने पहिला मसुदा मला दाखवला होता. त्यात ‘आपण १३ तारखेचे आश्वासन दिले होते’ असे वाक्य होते आणि शेवटी ‘माझी निवड झाली आहे का, कृपया कळवावे’. दोन्ही मी काढायला लावली. पहिले वाक्य दोष काढते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या बाईंच्या हातातच नव्हते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही ते पत्र माणूस बाजूला ठेवतो. शेवटी गेलेला मजकूर एवढाच होता :

“दिनांक ३ रोजी लेखा साहाय्यक पदासाठी माझी मुलाखत झाली. १३ तारखेपर्यंत निर्णय अपेक्षित होता. प्रक्रियेस अधिक वेळ लागत असल्यास निर्णय साधारण कधीपर्यंत होईल, हे कळू शकेल का? मला अन्य ठिकाणी २३ तारखेपर्यंत उत्तर द्यावयाचे आहे. मात्र आपल्याकडील कामात मला अधिक रस आहे. काही कागदपत्रे हवी असल्यास त्वरित पाठवीन.”

दुसऱ्या होकाराचा उल्लेख खरा असेल तरच करावा. दडपण आणण्यासाठी खोटी तारीख लिहिली आणि तिकडून ‘मग तीच नोकरी स्वीकारा’ असे उत्तर आले, तर दोन्हीकडून हात रिकामे राहतात. होकार देणाऱ्याचे नाव आणि पगार मात्र लिहू नये.

दोन दिवस उत्तर नाही. गुरुवारी साडेअकराच्या सुमारास मुलाने एकदाच फोन केला. आधी ‘आता दोन मिनिटे बोलता येईल का?’ असे विचारले आणि मग ई-मेलचा संदर्भ देऊन तोच प्रश्न. बाई म्हणाल्या, संचालकांची सही बाकी आहे, बुधवारी २५ ला नक्की समजेल. नवी तारीख मिळाली, म्हणजे विषय जिवंत होता. ‘प्रक्रिया चालू आहे, कळवू’ एवढेच उत्तर मिळाले असते, तर दुसऱ्या कोणाच्या होकाराची वाट पाहिली जात आहे असे मी धरले असते. ई-मेल आणि फोन या दोन्हींना काहीच उत्तर नसते, तर तो नकार समजून मी त्याला पनवेलला जायला सांगितले असते. तिसऱ्यांदा विचारून माहिती मिळाल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

आता खरी अडचण २३ आणि २५ मधील दोन दिवसांची होती. मुलाने पनवेलला फोन करून सरळ सांगितले की आणखी एका ठिकाणचा निर्णय बुधवारी आहे, गुरुवारपर्यंत मुदत मिळेल का. तेथील मालकांनी थोडी कुरकुर केली, पण मुदत दिली. असे मागताना नकाराची तयारी हवी. त्यांनी ‘सोमवारीच सांगा’ म्हटले असते तर होकार द्यायचा, हे आम्ही आधीच ठरवले होते.

सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील भरतीला हे लागू नाही. तेथे निकाल संकेतस्थळावर लागतो आणि कोणा अधिकाऱ्याला वैयक्तिक पत्र लिहून उपयोग होत नाही. फारच विलंब झाला तर माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. त्याला सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

बुधवारी सायंकाळी रोह्याहून ई-मेल आला. पहिल्या उमेदवाराने होकार दिला होता. याचे नाव दुसरे होते. मुलाने चार ओळींत आभार मानले आणि पुढे जागा निघाल्यास कळवावे असे लिहिले. गुरुवारी सकाळी पनवेलला होकार गेला.

त्याच संध्याकाळी त्याचे वडील दुकानात बसल्या बसल्या मला म्हणाले, “काका, आपल्याकडे हिशेबनीस म्हणून दोन मुली येऊन गेल्या. रविवारी सांगतो म्हटले होते, त्याला तीन आठवडे झाले.” मग त्यांनी गल्ल्यातून नंबर लिहिलेला कागद शोधून काढला.