ढग पडतो, पण किती हळू?

साध्या पांढऱ्या ढगात दर घनमीटर हवेमागे साधारण अर्धा ग्रॅम पाणी असते. ऐकायला ते किरकोळ वाटते. पण एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ढग धरला, तर हिशेब पाचशे टनांवर जातो. हे पाणी वाफेच्या रूपात नसते. ते द्रवरूप थेंबांत असते आणि पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड आहे. मग एवढे पाचशे टन वर लटकून कसे राहतात?

ते लटकलेले नसतातच. ढगातला प्रत्येक थेंब भोवतीच्या हवेतून सतत खाली पडत असतो. प्रश्न फक्त किती वेगाने, एवढाच आहे. त्याचे उत्तर बारावीच्या गणितातल्या संकलनाने, म्हणजे इंटिग्रेशनने, दोन पायऱ्यांत मिळते. त्यासाठी १० मायक्रॉन त्रिज्येचा एक थेंब घेऊ. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ढगात या आकाराचे थेंब भरपूर असतात.

या थेंबावर दोन बले काम करतात. वजन खाली ओढते आणि ते बदलत नाही. हवेचा रोध वर ढकलतो आणि तो वेगाबरोबर वाढतो. पण कोणत्या प्रमाणात वाढतो? केंब्रिजच्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्सने हे १८५१ साली छापलेल्या एका दीर्घ निबंधात दाखवले. त्याचा मूळ विषय होता लंबक: हवेत झुलणाऱ्या लंबकाची गती हवेच्या अंतर्गत घर्षणामुळे कशी मंदावते. त्याच गणितातून लहान, सावकाश जाणाऱ्या गोळ्याचा नियम निघाला. रोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो. वेग दुप्पट झाला की रोधही दुप्पट. ढग आकाशात का टिकतात, याचा उलगडा या नियमाने होतो, हे स्टोक्सने तिथेच नोंदवून ठेवले. रोधाचा गुणक असा:

k = 6πηr

इथे r ही थेंबाची त्रिज्या आणि η ही हवेची श्यानता, म्हणजे तिचा चिकटपणा. हवा आपल्याला चिकट वाटत नाही, पण १० मायक्रॉनच्या थेंबाला ती चांगलीच चिकट असते. हवेचे उत्प्लावक बल थेंबाच्या वजनाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते, ते सोडून देऊ. मग न्यूटनचा दुसरा नियम असा लिहिता येतो:

m dv/dt = mg − kv

दोन्ही बाजूंना m ने भागले की m/k हे एकच गुणोत्तर उरते. त्याला τ म्हणू. किलोग्रॅमला ‘किलोग्रॅम दर सेकंद’ने भागले की सेकंद उरतात, म्हणजे τ हा एक कालावधी आहे. आपल्या थेंबाचे आकडे घातले की τ येतो सुमारे १.२ मिलिसेकंद. पुढचे सगळे या एका आकड्यावर चालते.

dv/dt = g − v/τ

समीकरण अजून न सोडवताही त्यातून एक गोष्ट वाचता येते. वेग वाढत वाढत gτ इतका झाला की उजवी बाजू शून्य होते, म्हणजे त्वरण संपते. हाच अंतिम वेग. आपल्या थेंबासाठी तो सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटर भरतो. पण तिथवर पोहोचायला किती वेळ लागतो आणि तोवर थेंब किती खाली येतो, हे कळायला संकलनच करावे लागते.

पहिले संकलन वेगासाठी. वेगाची पदे एका बाजूला आणि काळ दुसऱ्या बाजूला नेला की dv/(g − v/τ) = dt असे मिळते. डाव्या बाजूचे संकलन लॉगॅरिदम देते, आणि तेही −τ या गुणकासह. हे ऋण चिन्ह निसटले की उत्तरात वेग अफाट वाढत जातो, त्यामुळे चूक लगेच ध्यानात येते. थेंब स्थिर अवस्थेतून सुटला, म्हणजे t = 0 असताना v = 0, ही अट घालून स्थिरांक काढला की:

v = gτ (1 − e^(−t/τ))

एका τ नंतर थेंबाने अंतिम वेगाचा ६३ टक्के वेग गाठलेला असतो, तीन τ नंतर ९५ टक्के आणि पाच τ नंतर ९९ टक्क्यांहून थोडा जास्त. काटेकोरपणे पाहिले तर शंभर टक्के कधीच होत नाहीत. व्यवहारात मात्र सहा मिलिसेकंदांत प्रकरण संपते.

दुसरे संकलन अंतरासाठी. वरच्या वेगाचेच पुन्हा काळावर संकलन करायचे. कंसातल्या १ चे t होते आणि घातांकी पदातून आणखी एक τ बाहेर येतो:

x = gτt − gτ² (1 − e^(−t/τ))

दुसऱ्या कंसातला १ कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे. तो संकलनाच्या स्थिरांकातून येतो, आणि नेमका तोच पुष्कळदा लिहायचा राहतो. तो गाळला तर सूत्र gτt + gτ²e^(−t/τ) असे दिसते. दिसायला ठीकच. पण त्यात t = 0 घाला: अंतर शून्य येण्याऐवजी gτ² येते, म्हणजे आपल्या थेंबासाठी १५ मायक्रॉन. सुटण्याआधीच थेंब १५ मायक्रॉन खाली आला, असे हे सूत्र सांगत असते. दुसरी तपासणी अगदी लहान t ची. घातांकी पदाची मालिका उलगडली की g आणि τ यांची बाकीची पदे एकमेकांना खोडतात आणि ½gt² उरते. हवा नसताना जे अंतर आले असते तेच. सुरुवातीला वेगच नाही, तर रोध कुठून असणार? हे दोन्ही निकष लागू पडले तर सूत्र बरोबर आहे असे मानायला हरकत नाही.

या सूत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र उशिराच्या काळातला आहे. काही τ उलटल्यावर घातांकी पद नाहीसे होते आणि उरते ते x = gτ(t − τ). म्हणजे थेंब जणू पहिल्यापासून अंतिम वेगानेच पडत होता, फक्त निघाला एक τ उशिरा. गाडी दहा मिनिटे उशिरा सुटली आणि पुढे वेळापत्रकातल्या वेगानेच धावत राहिली, तर प्रत्येक स्टेशनात ती तेवढीच दहा मिनिटे उशिरा पोहोचते, तसे हे आहे. वेग वाढण्याची सगळी हकिगत शेवटी एका न भरून निघणाऱ्या उशिरात जमा होते. आपल्या थेंबाच्या बाबतीत हा उशीर १.२ मिलिसेकंदांचा, आणि अंतराच्या भाषेत १५ मायक्रॉनचा. थेंबाचा व्यासच २० मायक्रॉन आहे. अंतिम वेगाचा ९९ टक्के वेग गाठेपर्यंत तो जेमतेम ६० मायक्रॉन, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या तिप्पट खाली आलेला असतो.

म्हणून ढगाचा हिशेब करताना त्वरण खुशाल विसरावे. सेकंदाला १.२ सेंटिमीटरने, स्तब्ध हवेत एक किलोमीटर उतरायला थेंबाला सुमारे २३ तास लागतील. एवढा वेळ त्याला कोण देतो? ढग तयार होतो तोच मुळी वर चढणाऱ्या हवेत, आणि ती हवा सेकंदाला काही सेंटिमीटरने जरी चढत असली तरी थेंब तिच्यातून खाली सरकतासरकता जमिनीपासून वरच जात राहतो. सह्याद्रीच्या कड्यांवर आदळून चढणाऱ्या पावसाळी वाऱ्याचा वेग तर याहून कितीतरी जास्त असतो. जो थेंब ढगाच्या तळाखाली निसटतो, तो तिथल्या कोरड्या हवेत बहुधा विरून जातो.

अंतिम वेगाचे सूत्र त्रिज्येत मांडले की ते 2r²ρg/9η असे होते. Ρ ही पाण्याची घनता. त्रिज्या दहापट झाली की वेग शंभरपट. इथेच सरळ प्रमाणाच्या नियमाची मर्यादा उघडी पडते. १ मिलिमीटर त्रिज्येच्या पावसाच्या थेंबाला हेच सूत्र लावले तर वेग सेकंदाला १२० मीटर येतो. असा पाऊस अंगावर घेणे कुणाला परवडले नसते. खरा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास असतो. मोठ्या थेंबामागे हवा घुसळली जाते, आणि ती बाजूला सारण्यातच बळ खर्च होते. तिथे रोध जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि समीकरणच बदलते.

नियम कुठवर चालेल हे आधीच ताडता येते. हवेची घनता, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याला श्यानतेने भागायचे. मिळणाऱ्या आकड्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. तो एकाहून बराच लहान असेल तर स्टोक्सवर विश्वास ठेवावा. आपल्या ढगातल्या थेंबासाठी तो ०.०१६ आहे. पावसाच्या थेंबासाठी खरा वेग घातला तरी तो काही शेकड्यांत जातो. रिमझिम पावसातला ०.१ मिलिमीटर त्रिज्येचा थेंब या दोहोंच्या मध्ये येतो आणि तिथेच नियम डळमळू लागलेला असतो.

हेच गणित उलट्या बाजूनेही वापरता येते. शिकागोत रॉबर्ट मिलिकनने १९०९ पासून काही वर्षे तेलाचे सूक्ष्म थेंब दुर्बिणीतून पडताना पाहिले. एवढ्या थेंबाचे वजन कोणत्याच तराजूवर करता येत नाही. म्हणून सुमारे एक सेंटिमीटर अंतर कापायला त्याला लागलेला वेळ घ्यायचा, त्यावरून अंतिम वेग, वेगावरून त्रिज्या आणि त्रिज्येवरून वस्तुमान काढायचे. मग विद्युत क्षेत्राने तोच थेंब वर चढवायचा आणि दोन वेगांच्या तुलनेतून त्यावरचा विद्युतभार मोजायचा. अशा थेंबाचा τ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून कमी आणि पडण्याचा काळ दहाबारा सेकंदांचा. त्यामुळे सुरुवातीच्या त्वरणाची त्याला चिंताच नव्हती.

अडचण दुसऱ्या टोकाला होती. थेंब फार लहान झाला की त्याला हवा सलग द्रव्यासारखी लागत नाही, सुट्या रेणूंसारखी लागते. दोन टकरींमधले रेणूंचे अंतर सुमारे ०.०७ मायक्रॉन आहे. त्याच्या तुलनेत थेंब पुरेसा मोठा नसेल तर रोध स्टोक्सच्या सूत्रापेक्षा कमी पडतो, आणि मिलिकनला ती दुरुस्ती करावी लागली. शिवाय भाराच्या उत्तरात श्यानता दीड घातांकाने येते, आणि त्याने वापरलेली हवेच्या श्यानतेची किंमत थोडीशी कमी होती. त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या भाराचे त्याचे मूल्य आजच्या मूल्यापेक्षा सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी आले.