बाळ गेल्याचं मैत्रिणीने कळवलं, तर काय लिहावं

आपल्याकडे तीन महिने पुरे होईपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे मधेच गर्भपात झाला, तर त्या बाईवर एक विचित्र वेळ येते. गोड बातमी ज्यांना ठाऊकच नव्हती, त्यांना एकदम वाईट बातमी द्यायची. पुष्कळ जणी ती देतच नाहीत. आजारी होते, रजेवर होते, असं सांगून मोकळ्या होतात. म्हणून एखादी मैत्रीण जेव्हा आपणहून चार ओळी लिहून हे कळवते, तेव्हा तिला उत्तरात काय लिहायचं याचा विचार करायलाच हवा. आपण वाईट हेतूने काहीच लिहीत नाही. तरीही अशा वेळी लिहिलेलं वाक्य वर्षानुवर्षं लक्षात राहतं, चांगलंही आणि बोचणारंही.

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण तिच्या परवानगीने सांगते. तिला नववा आठवडा चालू होता. सोनोग्राफीत गर्भाची वाढ सातव्या आठवड्यापाशी थांबलेली दिसली, हृदयाचे ठोके दिसले नाहीत. डॉक्टरांनी घाई केली नाही. आठवडाभराने पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करून घेतली. त्या आठवड्यात तिला मळमळ होतच होती, वास सहन होत नव्हते. गर्भ थांबला तरी संप्रेरकं लगेच उतरत नाहीत, त्यामुळे असं होतं. मग गोळ्या देऊन पिशवी रिकामी केली गेली. हे सगळं घरच्या बाथरूममध्ये, पोटात कळा येत असताना घडलं. नंतर दीडेक आठवडा अंगावरून जात होतं. त्याच दिवसांत तिने जवळच्या मैत्रिणींना लिहिलं, ‘आमचं बाळ राहिलं नाही. नववा आठवडा होता. सध्या फोन नको, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवते.’

आलेली उत्तरं तिने मला पुढे दाखवली. सगळी प्रेमाने लिहिलेली होती. ‘देवाच्या मनात काही चांगलं असेल.’ ‘बरं झालं लवकर झालं, पुढे जाऊन झालं असतं तर?’ ‘निदान दिवस राहतात हे तरी कळलं.’ ‘खूप धावपळ करत होतीस का गं?’ ‘आता सहा महिने आराम कर, गरम पडेल असं काही खाऊ नकोस.’ ‘माझ्या जावेचं असंच झालं होतं, आता दोन मुलं आहेत तिला.’

यातलं धावपळीचं वाक्य तिला सर्वांत जास्त लागलं. दिसायला तो काळजीचा प्रश्न आहे. पण वाचणारीच्या मनात आधीपासून तोच प्रश्न फिरत असतो. मी त्या दिवशी जिना भराभरा चढले म्हणून का? बाजारातून जड पिशवी आणली म्हणून? स्कूटरवर बसले म्हणून? पपई, ग्रहण, प्रवास, कुणाची नजर, आपल्या घरांमध्ये कारणांची यादी तयारच असते. आणि ही समजूत फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हजारावर लोकांना गर्भपाताची कारणं विचारली होती. तीन चतुर्थांश लोकांना वाटत होतं की मनावरच्या ताणामुळे गर्भपात होतो, आणि जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना वाटत होतं की जड वस्तू उचलल्याने होतो. ज्यांच्या वाट्याला हे आलं होतं, त्यांतल्या जवळपास निम्म्या जणांना अपराधी वाटत होतं.

वैद्यकशास्त्र काय सांगतं? लक्षात आलेल्या दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण पंधरा गर्भपातात संपतात, त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्या काळातल्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला बिघाड असतो. बीज तयार होताना किंवा फलन होताना एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी पडतं, आणि तो गर्भ वाढू शकत नाही. बहुतेक वेळा हे निव्वळ योगायोगाने घडतं. जिना, पिशवी, ऑफिसमधली कामं यांचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणजे ‘धावपळ करत होतीस का’ या प्रश्नाला बहुतेक वेळा कसलाच आधार नसतो, आणि तरी तो तिच्या अपराधीपणावर शिक्का मारून जातो. आरामाच्या सल्ल्याचंही तेच. आता जपून राहा म्हणणं म्हणजे तेव्हा जपलं नाहीस असं म्हणणं. लिहिणारीच्या ते ध्यानीमनीही नसतं, पण वाचणारीला तसंच ऐकू येतं.

मग ही गुणसूत्रांची माहितीच तिला लिहून पाठवावी का? माझं मत आहे, नाही. ती खरी आहे, आणि योग्य वेळी तिच्या डॉक्टरांकडून तिला ती कळायला हवी. तिने आपल्याला विचारलं, ‘माझ्यामुळे झालं असेल का गं?’, तर जरूर सांगावं की नाही, तुझ्यामुळे झालेलं नाही. पण न विचारता पाठवलेली खरी माहितीसुद्धा त्या क्षणी समजूत घालण्याचाच प्रकार होते. आणि ‘त्यात व्यंगच असणार, गेलं ते बरं’ हे तर त्याच माहितीचं क्रूर रूप आहे. तिला ते बाळ हवं होतं.

‘अजून वय आहे, होईल पुन्हा’ या वाक्याचं वेगळं आहे. एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक स्त्रियांना पुढे मूल होतं, तेव्हा ते खोटं नाही. पण ते तिने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. शिवाय आपल्याला तिची सगळी हकिगत ठाऊक नसते. कदाचित हा दुसरा किंवा तिसरा गर्भपात असेल आणि आधीचे तिने कुणाला सांगितले नसतील. कदाचित हे गरोदरपण टेस्ट ट्यूब उपचारांतून, वर्षभराची इंजेक्शनं आणि मोठा खर्च सोसून आलेलं असेल. कदाचित पुन्हा प्रयत्न करायचाच नाही असं दोघांनी ठरवलं असेल. पुढच्या बाळाची आशा दाखवताना या बाळाला आपण बाजूला सारतो, हे तर आहेच.

आता माझ्या मैत्रिणीला आलेलं एक उत्तर, जे तिने पुन्हा पुन्हा वाचलं. ‘तुझा निरोप वाचला. बाळ गेलं, फार वाईट वाटलं गं. तुम्हा दोघांची खूप आठवण येतेय. उत्तर लिहायची गरज नाही.’

एवढंच. त्यात काय काय आहे ते पाहण्यासारखं आहे. निरोप वाचल्याचं आधी सांगितलंय, म्हणजे तो पोहोचला की नाही हा घोर नाही. ‘बाळ’ हा शब्द तिच्याच निरोपातला आहे. तिने ‘प्रेग्नन्सी टिकली नाही’ असं लिहिलं असतं, तर उत्तरातही बाळ आणायला नको होतं. काहींना या टप्प्यावर ते बाळ वाटतं, काहींना वाटत नाही, आणि ते ठरवायचा हक्क तिचा. ‘दोघांची’ म्हटल्याने नवराही त्यात आला. एरवी त्याला लोक फक्त ‘तिला सांभाळ’ म्हणतात. आणि शेवटच्या वाक्याने तिच्यावरचं ओझं काढून घेतलं. पंधरा जणांना ‘थँक यू, मी बरी आहे’ लिहीत बसणं हे त्या अवस्थेत कामच होतं.

त्या उत्तरात प्रश्न एकही नाही. कसं झालं, कितवा आठवडा, क्युरेटिंग करावं लागलं का, कुठले डॉक्टर, हे विचारलं की तिला तो दिवस पुन्हा सांगावा लागतो. ‘काही लागलं तर सांग’ हेसुद्धा तिथे नाही. ते चुकीचं नाही, पण काय लागेल हे शोधून काढण्याचं आणि मागण्याचं काम तिच्यावरच येतं. जवळ राहत असाल तर ठरवून एकच गोष्ट लिहावी. ‘उद्या संध्याकाळी साडेसातला वरण-भात आणि भाजीचा डबा दाराला अडकवून जाईन, बेल वाजवणार नाही.’ सहकारी असाल तर ‘गुरुवारचा रिपोर्ट मी पूर्ण करते’. आपल्या कायद्यात गर्भपातानंतर पात्र नोकरदार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. अशा वेळी ती कधी रुजू होणार हे विचारण्याऐवजी तिचं काम उचललं तर तिला ती रजा निर्धास्तपणे घेता येते.

तिने दहा जणींना कळवलं असेल, तरी तिने जेवढं सांगितलं तेवढंच उत्तरात यावं, याकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष असतं. तुम्हाला आधीच्या गर्भपाताबद्दल किंवा उपचारांबद्दल खाजगीत माहीत असेल आणि निरोप सगळ्यांना मिळून आलेला असेल, तर तिथे ‘पुन्हा तेच झालं का गं’ असं लिहिणं म्हणजे तिचं गुपित फोडणं. आपल्या स्वतःच्या गर्भपाताची हकिगतही अशा जागी लांबवू नये. ‘मीही यातून गेलेय, कधीही बोलावंसं वाटलं तर मी आहे’ एवढं पुरतं. बाकीचं ती विचारेल तेव्हा.

पहिल्या आठवड्यात निरोप येतात, मग थांबतात. लंडनच्या रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या 650 हून अधिक स्त्रियांना प्रश्नावल्या दिल्या होत्या. महिन्याभराने त्यातल्या 29 टक्के स्त्रियांमध्ये आघातानंतरच्या मानसिक ताणाची लक्षणं दिसली, आणि नऊ महिन्यांनीही 18 टक्के स्त्रियांमध्ये ती होती. म्हणजे इतरांच्या लेखी विषय संपून गेलेला असतो, तेव्हा कित्येक जणींच्या लेखी तो चालूच असतो. पहिली पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते, तीही त्रासाची जाते. मग कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं बारसं. आणि मग ती तारीख, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेली.

त्या तारखेच्या आठवड्यात पुन्हा एक ओळ लिहायला हरकत नाही, तीही आधीइतकीच साधी. माझ्या मैत्रिणीची तारीख जानेवारीतली होती. ज्या मैत्रिणीने ते उत्तर लिहिलं होतं, तिने जानेवारीत लिहिलं, ‘या दिवसांत तुझी आठवण येतेय.’ तिने तारखेचा उल्लेख केला नव्हता. माझी मैत्रीण सांगते की त्या दिवशी तिला तारीख आठवत होती आणि घरात कुणी ती काढली नव्हती. तिने तो निरोप नवऱ्याला दाखवला, आणि मग ते दोघं त्याबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले.