एकरकमी सौदा आणि वहीतील मिळकत

शिलाई मशिनांच्या दुकानांत एक सौदा नेहमी होतो. "मशीन घ्या, पंधरा दिवस हात बसवून देऊ, दोन वर्षे सर्व्हिस मोफत. सगळे मिळून सत्तावीस हजार." गिऱ्हाईक रोख मोजते आणि दुकानदार त्याच दिवशी वहीत २७,००० रुपयांची विक्री लिहून मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की यातील काही रुपये त्या दिवशी कमावलेलेच नसतात. सर्व्हिस मोफत नाही, तिची किंमत गिऱ्हाइकाने आगाऊ भरलेली आहे.

ती किंमत काढायची रीत सोपी आहे. सौद्यातील प्रत्येक गोष्ट आपण सुटी विकली तर किती घेतो, हे आधी लिहावे. आपल्या दुकानात मशीन टेबल व मोटारीसह २४,०००, शिकवणी २,००० आणि दोन वर्षांची सर्व्हिस ४,००० अशी सुटी जाते असे धरू. टेबल, मोटार वेगळी मांडू नये, कारण बसवून दिल्यावर ती एकच वस्तू होते. बेरीज ३०,००० झाली, हातात मात्र २७,००० आले. म्हणजे रुपयामागे नव्वद पैसे. त्याच प्रमाणात वाटणी केली की मशीन २१,६००, शिकवणी १,८०० आणि सर्व्हिस ३,६०० होते. सवलत सगळ्यांवर सारखी बसली. हे आकडे जीएसटी वगळून धरावेत. तो सरकारचा पैसा आहे, आपली मिळकत नव्हे.

मशिनाचे पैसे माल ताब्यात दिला तेव्हा, शिकवणीचे शिकवणी होईल तसे आणि सर्व्हिसचे चोवीस महिन्यांत दरमहा १५० याप्रमाणे मिळकतीत घ्यावेत. सौदा १ फेब्रुवारीचा असेल व शिकवणी मार्चपूर्वी संपली असेल, तर ३१ मार्चला २३,७०० मिळकत दिसेल. बाकीचे ३,३०० आगाऊ आलेली रक्कम म्हणून देण्याच्या बाजूला राहतील.

एवढ्याशा रकमेसाठी ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. दुकानात निम्मे-निम्मे दोन भागीदार आहेत आणि एक ३१ मार्चला बाहेर पडतो आहे असे समजा. असे दहा सौदे झाले असतील तर ३३,००० रुपयांचे काम अजून व्हायचे आहे. वहीत सगळी रक्कम विक्रीत गेली असेल तर जाणारा त्यातले १६,५०० घेऊन जातो आणि राहणारा बावीस महिने स्वतःच्या खर्चाने मेकॅनिक पाठवत बसतो. यात लबाडी कोणाचीच नसते; चूक वहीची असते. ती ओळखायची खूण अशी की फेब्रुवारीत नफा फुगलेला दिसतो आणि पुढे मेकॅनिकचा पगार तेवढा खर्ची पडतो, त्यासमोर मिळकत काहीच नसते.

सुटी किंमत म्हणजे कंपनीच्या छापील यादीतील किंमत नव्हे. यादीत २६,००० असले आणि आपण एकटे मशीन २४,००० ला देत असलो तर २४,०००च धरावे. सर्व्हिस सुटी कधी विकलीच नसेल तर बाजारात इतर लोक काय घेतात ते पाहावे, नाहीतर खर्चावरून अंदाज बांधावा. तीन महिन्यांनी एक अशा आठ फेऱ्या, फेरीमागे मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे व तेल मिळून ४००, म्हणजे ३,२००. त्यावर पंचवीस टक्के नफा धरला की ४,००० होतात. मशिनाचे पूर्ण २४,००० लावून उरलेले ३,००० बाकीच्यांत ढकलणे मात्र बरोबर नाही, कारण त्याने सगळी सवलत सर्व्हिस व शिकवणीवर पडते आणि मिळकत लवकर दिसते. ती रीत एखाद्या गोष्टीची किंमत गिऱ्हाईकपरत्वे फारच बदलत असेल किंवा अजून ठरलीच नसेल, तेव्हापुरती आहे.

वाटणी सौद्याच्या दिवशीच्या भावाने एकदाच करावी. पुढे सर्व्हिसचा दर वाढला म्हणून जुने सौदे उकरू नयेत. मशीन मुळात सदोष निघाल्यास दुरुस्त करून देण्याची साधी हमीही यात वेगळी धरायची नाही. ती मशिनाच्याच किमतीत असते, फक्त तिच्या संभाव्य खर्चाची तरतूद ठेवावी.

हा नियम इंड एएस ११५ या हिशेबमानकात आहे आणि तो १ एप्रिल २०१८ पासून मुख्यतः शेअर बाजारातील व मोठ्या कंपन्यांना लागू आहे. आमच्या बहुतेक वाचकांच्या दुकानांवर त्याची सक्ती नाही, तरी भागीदारीच्या वहीत तो आपसांत ठरवून वापरता येतो. कराचे बिल मात्र कराच्या नियमानेच होते. ही वाटणी दाखवून जीएसटी मागे ठेवता येणार नाही, आणि आयकराच्या हिशेबात ती कशी धरायची हे आपल्या सी.ए.ला विवरणपत्र भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.