तिसरी घडी

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कागद फार नव्हते. रेशनकार्ड, गिरणीच्या हिशेबाचे दोन कागद, एक लग्नपत्रिका आणि एक आंतरदेशीय पत्र. पत्र वाचलं त्याच रात्री मी कविता लिहायला घेतली. पहिला खर्डा असा होता :

आजोबांच्या ट्रंकेत सापडलं
एक पिवळं पडलेलं पत्र,
त्यात दडलेल्या किती आठवणी,
किती न बोललेलं प्रेम

दुसऱ्या दिवशी पत्र उजेडात धरलं आणि पहिलीच गोष्ट लक्षात आली, की ते पिवळं नव्हतं. टपालखात्याने 1950 मध्ये आंतरदेशीय पत्र सुरू केलं. आपल्या सगळ्यांच्या आठवणीत ते निळंच आहे, आणि निळा कागद जुना झाला की राखी होतो, थोडा हिरवट. ‘पिवळं’ हा शब्द मी पत्र न पाहताच, सवयीने लिहिला होता. दडलेल्या आठवणी आणि न बोललेलं प्रेमही तसंच. त्या चार ओळी कोणाच्याही ट्रंकेला लागू पडल्या असत्या. जुन्या पत्रावरच्या बहुतेक कविता इथेच फसतात. कवी स्वतःच्या गहिवराबद्दल लिहितो आणि कागद हातातच राहून जातो.

मजकुराचाही फार आधार नव्हता. जुनी मराठी पत्रं ठरलेल्या वाटेने चालतात. वर ‘श्री’, मग ‘चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद’, ‘वि. वि.’, इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवणे, थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. हे पत्र पणजीने गावाहून मुंबईला, गिरणीत कामाला असलेल्या मुलाला पाठवलेलं. गाय व्याली, पाडा झाला, पाऊस वेळेवर आहे. अक्षर मात्र पणजीचं नाही. आत्याला दाखवलं तर ती बघताक्षणी म्हणाली, “हे मास्तरांचं अक्षर. आजीला कुठे लिहिता येत होतं? ती ओट्यावर बसून सांगायची आणि मास्तर लिहायचे.” म्हणजे शब्दांचा साचाही मास्तरांचा, वळणही मास्तरांचं. मग या पत्रात आमच्या माणसांचं असं काय उरलं होतं?

ते कागदाकडे बघितल्यावर कळू लागलं.

आंतरदेशीय पत्राला दोन घड्या आधीच ठरवून दिलेल्या असतात. त्या घातल्या की तीन भाग होतात आणि कड चिकटवता येते. या पत्राला तिसरी घडी होती, त्या दोन्हींना काटकोनात छेदणारी. ती घातली की पत्र बरोबर शर्टाच्या खिशाएवढं होतं. आणि ही तिसरी घडीच सर्वांत जास्त झिजली होती. कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेले तंतू; दर वेळी दुमडताना त्याच रेषेवरचे थोडे तंतू तुटतात. एकदोनदा उघडलेल्या पत्राच्या घडीवर नुसती रेघ दिसते. अनेकदा उघडलेल्या पत्राची घडी लवदार होते, मग चिरते, आणि जिथे दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे आधी भोक पडतं. इथे दोन छेद होते आणि दोन्ही ठिकाणी भोकं. बाहेरच्या बाजूला येणारा चतकोर इतर भागांपेक्षा काळपट होता. पत्र लिहिलं पणजीने, पण त्यावर सर्वांत जास्त खुणा आजोबांच्या होत्या. ते बोलायला फार कमी, पत्र जपून ठेवणारे तर अजिबात वाटले नसते. हे एक पत्र मात्र त्यांनी खिशात घालून हिंडवलं होतं.

एका भोकाने एक शब्द खाल्ला आहे. वाक्य असं : ‘लावणीस आला नाहीस तरी चा’. पुढे भोक, आणि मग नवी ओळ. ते ‘चालेल’ असेल की ‘चालणार नाही’? अर्थ अगदी उलटे. अशा वेळी अंदाजाने शब्द भरू नये, मोजावं. मास्तरांचं अक्षर एकसारखं असल्यामुळे मोजता आलं. मी पारदर्शक कागदावर त्याच पानातली ‘ले’ आणि ‘ल’ गिरवली आणि भोकावर ठेवली. दोन अक्षरं नेमकी बसतात, पाच बसत नाहीत. म्हणजे पणजीने मुलाला रजेची ओढाताण करू नकोस असं कळवलं होतं, आणि तिने दिलेली ती मोकळीक आजोबांच्या खिशात घडी उघडता-मिटता झिजून गेली. हे कळल्यावर कवितेत ‘चालेल’ लिहिणं मला जमेना. तुटका ‘चा’ तसाच ठेवला.

शाईनेही बरंच सांगितलं. पत्र टाकाने लिहिलेलं आहे. टाक दौतीत बुडवला की पहिले दोनतीन शब्द गडद येतात, मग फिकट होत जातात, पुन्हा गडद. ही भरती-ओहोटी पानभर दिसते आणि लिहिणाऱ्याचा श्वास कुठे कुठे होता ते समजतं. कवितेच्या ओळी कुठे तोडायच्या याचा अंदाज मी त्यावरूनच घेतला. शेवटी आशीर्वादानंतर एक ठसठशीत ठिपका आहे. टाक कागदावर टेकवून मास्तर थांबले होते. कोणीतरी काहीतरी सांगत होतं, किंवा सांगू की नको असं करत होतं. त्यानंतर जागा संपली म्हणून समासात, कागद उभा फिरवून, बारीक अक्षरात एक ओळ आहे : ‘ता. क. छत्री इथेच राहिली आहे.’

आत्या ती ओळ वाचून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ही आई.” सासूच्या पत्रात सुनेला जागा अशीच समासात मिळायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मायना लिहायचा नाही, तक्रार करायची नाही. छत्रीबद्दल मात्र सांगता येत होतं.

आणि नेमक्या त्याच ओळीवर पाण्याचा डाग आहे. पाणी कागदातून पसरताना मळ आणि कागदातली पिवळट द्रव्यं पुढे ढकलत नेतं आणि जिथे सुकतं तिथे तपकिरी कड सोडतं. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोखंडाचा अंश असतो; तो कागदात मुरून बसतो आणि निळा रंग तेवढा पाण्याबरोबर वाहतो. म्हणून अक्षरं वाचता येतात, पण त्यांच्याभोवती निळसर धूर आहे. डाग तिसऱ्या घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखा सारखा आहे, म्हणजे पत्र खिशाच्या घडीत असतानाच भिजलं. ट्रंकेतले बाकीचे कागद कोरडे, म्हणजे ट्रंकेत पाणी शिरलेलं नाही. इथपर्यंत कागद खात्रीने सांगतो. ते पावसाचं पाणी होतं, की घामाचं, की चाळीतल्या नळाचं, हे तो सांगत नाही. म्हणून कवितेत मी ‘पाऊस’ हा शब्द घातला नाही. डाग आणि छत्री शेजारी ठेवली, बस्स.

वर्षाचंही तसंच. टपालाचा शिक्का पुसट आहे. छापील तिकिटावर नव्या पैशांचा उल्लेख नाही. ‘नया पैसा’ हे नाव 1 जून 1964 ला गेलं, त्यामुळे पत्र त्यानंतरचं. पत्त्याखाली पिनकोडच्या चौकटी नाहीत. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला. जुने कागद पुढेही विकले गेले असतील, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा पट्टा मिळतो, नेमकं साल नाही. कवितेत सालाची गरजही नव्हती.

हार्ट क्रेन या अमेरिकन कवीची ‘माय ग्रँडमदर्स लव्ह लेटर्स’ ही कविता 1920 मध्ये प्रसिद्ध झाली. आजीची प्रेमपत्रं छताच्या कोपऱ्यात सापडतात, पण त्यांत काय लिहिलंय ते क्रेन एकदाही सांगत नाही. कागद किती मऊ, किती विरघळायला आलेला आहे एवढंच सांगतो, आणि पूर्ण कविता त्या कागदाला धक्का लागू नये अशा बेताने पावलं टाकते. मजकूर हाताशी असूनही न वापरण्याचा हा संयम मला फार मोठा वाटतो. मला तेवढा जमला नाही. मी दोन वाक्यं घेतली, पण मायना आणि खुशाली जवळजवळ सगळी गाळली.

सातव्या खर्ड्यात कविता अशी उतरली :

दोन घड्या टपालखात्याच्या, आडव्या.
तिसरी उभी, त्यांची स्वतःची,
शर्टाच्या खिशाएवढी.

ती जिथे त्या दोघींना छेदते
तिथे कागद संपला आहे :
लावणीस आला नाहीस तरी चा

गाय व्याली. पाडा झाला.
थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

मग शाईचा एक ठिपका,
टाक थांबला होता तेवढा.

आता कागद उभा धरायचा
समासातल्या एका ओळीसाठी :
छत्री इथेच राहिली आहे.

त्या ओळीवर पाण्याचा डाग,
घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच.

यात ‘आठवण’ हा शब्द नाही, आजी-आजोबांचं नातंही सांगितलेलं नाही. मधल्या एका खर्ड्यात शेवटी ‘तो पावसाळा अजून ओला आहे’ अशी ओळ होती. ऐकायला ती गोड वाटायची, पण ती कागदावरची नव्हती, माझी होती. काढून टाकली.

तुमच्या घरी असं पत्र निघालं तर वाचायच्या आधी त्याच्या घड्या बघा. कडक झालेली घडी एकदम उघडू नका. आधी मिटलेल्या स्थितीत दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मग सपाट टेबलावर हळूहळू उलगडा. खिडकीच्या तिरक्या उजेडात धरलं तर टाकाचे आणि पेनचे दाब दिसतात. मजकूर उतरवून घेताना ओळ जिथे संपते तिथेच संपवा, भोकाच्या जागी मोकळी जागा सोडा. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद कागदात उतरून डाग पडतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा काढता येत नाही. आणि ते अक्षर ओळखणारं माणूस घरात असेल, तर कविता नंतर लिहा. आधी पत्र घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसा.