स्वप्नातली बिडी

माझ्या काकांनी तीस वर्षांची बिडी सोडली आणि दहाव्या रात्री दचकून उठले. पहाटेचे साडेचार. काकू जागी झाली तर काका अंथरुणात बसून स्वतःची बोटं हुंगत होते. "ओढली गं मी," ते म्हणाले. "ओट्यावर बसून, अख्खी ओढली." आवाज रडवेला. बिडी घरात नव्हतीच, ओट्याचं दार आतून बंद होतं. पण धुराची चव जिभेवर इतकी खरी होती, की बोटांना वास येत नाही हे पटायला त्यांना बराच वेळ लागला.

काकांना वाटलं, हे आपलंच काहीतरी बिनसलंय. पण हे स्वप्न जगभर पडतं, आणि त्याची मोजदादही झाली आहे. पीटर हाजेक आणि बेल्चर या संशोधकांनी 1991 साली असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट सोडून एक ते चार आठवडे झालेल्या 293 लोकांना त्यांनी स्वप्नांबद्दल विचारलं. दर तिघांपैकी एकाला सिगारेट ओढल्याचं स्वप्न पडलं होतं. आणि बहुतेकांच्या स्वप्नाची गोष्ट तीच: नकळत ओढली जाते, मध्येच लक्षात येतं, आणि पोटात गोळा येतो. सिगारेट चालू होती तेव्हा हे स्वप्न जवळजवळ कुणालाच पडत नव्हतं. हातात असताना स्वप्नात नाही; हातातून गेली की स्वप्नात हजर!

असं का व्हावं? त्यासाठी रात्रीच्या पोटात शिरावं लागेल.

1953 पर्यंत झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणं, असाच समज होता. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या आणि रात्रभर यंत्राची शाई बघत बसला. मध्येच सुया थयथय नाचू लागल्या. मुलगा जागा झाला असेल म्हणून तो आत गेला, तर पोर गाढ झोपलेलं, मिटल्या पापण्यांखाली बुबुळं मात्र सैरावैरा पळतायत. अशा वेळी माणसाला उठवलं तर तो बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेला रेम झोप म्हणतात.

आपली रात्र सुमारे दीड-दीड तासाच्या फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरीत आधी गाढ झोप, शेवटी रेम. पण वाटणी सारखी नाही. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोपेचा वाटा मोठा आणि रेम जेमतेम काही मिनिटं. पहाटेकडे उलटं, गाढ झोप जवळपास संपते आणि रेम लांबत जाते. म्हणून स्वप्नांचा खरा बाजार पहाटे भरतो. काकांचे साडेचार उगाच नव्हते.

आता खरं आश्चर्य. 1960 साली विल्यम डिमेंट या संशोधकाने काही लोकांना रेम सुरू झाली रे झाली की उठवायचं, पुन्हा झोपू द्यायचं, असं रात्रीमागून रात्री केलं. त्यांचा मेंदू काय करू लागला? रेममध्ये शिरण्याचे प्रयत्न वाढवू लागला. दर रात्री जास्त वेळा उठवावं लागलं. शेवटी त्यांना निवांत झोपू दिलं, तेव्हा रेमचा वाटा सुमारे 20 टक्क्यांवरून 27 च्या आसपास गेला. तितक्याच वेळा पण इतर टप्प्यांत उठवलेल्यांत असं झालं नाही. म्हणजे मेंदू रेमचा वेगळा हिशेब ठेवतो आणि थकबाकी वसूल करतो!

दारू नेमकी हीच थकबाकी चढवते. समजा, एकाने रात्री अकराला तीस मिलीचे तीन पेग संपवले. व्हिस्की 42.8 टक्क्यांची. म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण 30 ग्रॅम. यकृत तासाला साधारण आठ ग्रॅम निस्तरतं, म्हणजे काम आटपायला जवळजवळ चार तास. अकरा ते तीन या वेळात अल्कोहोल मेंदूचा ब्रेक दाबून धरतं: झोप पटकन आणि गाढ लागते, रेम मात्र दडपली जाते. तीनला ब्रेक सुटतो. दबलेली रेम उसळते, त्याच वेळी मेंदू चुळबुळू लागतो. घाम, कोरडा घसा, विचित्र स्वप्न, आणि टक्क जाग. "दारूने छान झोप लागते" हे वाक्य फक्त पहिल्या निम्म्या रात्रीपुरतं खरं आहे.

हेच वर्षानुवर्षं चाललं तर मेंदू सतत दाबलेल्या ब्रेकची सवय करून घेतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जड ठेवतो. अचानक दारू थांबली की ब्रेक गेला, ॲक्सिलरेटर तसाच. रेमला आता कुणी अडवत नाही, आणि स्वप्नं लोंढ्यासारखी येतात. रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत हा प्रकार झोपेची हद्दसुद्धा ओलांडू शकतो. थांबल्यानंतर दोन ते चार दिवसांत हात थरथरणं, गोंधळ, जागेपणी नसलेली माणसं दिसणं सुरू झालं, तर ते स्वप्न नव्हे. ताबडतोब दवाखाना गाठायचा, कारण यात जीव जाऊ शकतो. म्हणूनच अशा माणसाने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

तंबाखूचं गणित इतकं सरळ नाही. निकोटिन ज्या कुलपांत किल्लीसारखं बसतं, ती कुलपं ॲसिटिलकोलिन या मेंदूच्याच रसायनाची. आणि रेम पेटवण्यात ज्यांचा मोठा हात, त्यांतलं एक रसायन हेच. मज्जातंतू रसायनातून निरोप धाडतात, हे ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर सिद्ध केलं, आणि तो प्रयोग त्यांना सुचला, त्यांच्याच सांगण्यानुसार, झोपेत! पुढे ते रसायन ॲसिटिलकोलिन ठरलं. स्वप्नांच्या रसायनाचा पत्ता स्वप्नातच लागला.

निकोटिन गेल्यावर ही कुलपं बेचैन होतात. पहिल्या आठवड्यांत झोप तुकड्या-तुकड्यांत येते, आणि इथे एक साधी गोष्ट मोलाची ठरते: स्वप्न आठवतं ते त्यातच जाग आली तर. काकांना पूर्वीही स्वप्नं पडत असणारच, पण ती पहाटेपर्यंत विरून जायची. आता त्यांना थेट ओट्यावरून उचलून अंथरुणात आणून बसवलं जात होतं. रेममध्ये तर्क करणारा कपाळामागचा भाग मंद असतो, भीती-हळहळीचा भाग जोरात. म्हणून "अरे, मी तर सोडलीये" हे वेळेवर सुचत नाही, आणि अपराध मात्र पुरेपूर जाणवतो.

निकोटिनचा चोवीस तासांचा पॅच लावणाऱ्यांना तर स्वप्नं आणखीच भडक पडतात. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तातलं निकोटिन रात्री आपसूक उतरतं, पॅच मात्र ते पहाटेपर्यंत पुरवत राहतो. त्रास होत असेल तर निजताना तो काढता येतो, डॉक्टरांना विचारा.

हाजेक आणि बेल्चर यांना आणखी एक गोष्ट दिसली. वर्षभर न ओढता राहिलेल्यांत निम्म्याहून अधिक लोकांना हे स्वप्न पडून गेलं होतं, कुणाला सहा महिन्यांनंतरही. आणि ज्यांना ते पडलं, ते पुढे टिकून राहण्याची शक्यता जास्त होती. तेव्हा तुम्ही पहाटे बोटं हुंगत बसला असाल, तर घाबरू नका. बिडी तुम्ही ओढलेली नाही.