हेल्मेट घेताना अस्तर काढून आत बघा

पहिली मोटारसायकल घेणाऱ्यापुढे दुकानदार दोन हेल्मेट ठेवतो. एक पंधराशे रुपयांचे, प्लास्टिकच्या कवचाचे. दुसरे सात हजारांचे, फायबरचे. दोन्हींवर बोटाने टकटक करून तो आवाजातला फरक ऐकवतो, फायबरचे हातात देऊन वजन दाखवतो आणि आतली गादी दाबून किती मऊ आहे तेही दाखवतो. आवाज, वजन आणि मऊपणा या तीन गोष्टींवर बहुतेक सौदे ठरतात. पण डोके वाचवण्याचे मुख्य काम ज्याच्याकडे आहे ते यातल्या एकातही दिसत नाही. कवच आणि गादी यांच्या मध्ये, कापडाआड दडलेला थर्माकोलचा जाड थर हे ते साहित्य. टीव्हीच्या खोक्यात येते त्याच जातीचे, पण ठरावीक घनतेचे आणि डोक्याच्या आकारात ओतलेले. हेल्मेटची पारख या थरापासून सुरू करावी, कवचाचा विचार त्यानंतर.

असे का, ते साध्या हिशेबाने कळते. यूरोपीय मानकाच्या नेहमीच्या कसोटीत आत नकली डोके बसवलेले हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने पोलादी ऐरणीवर आपटतात. त्या वेगातले डोके २५ मिलिमीटर अंतरात थांबले, तर त्याला सरासरी ११५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ११५ पट धक्का बसतो. तेच १० मिलिमीटरमध्ये थांबले तर धक्का २८५ जीच्या पुढे जातो, आणि ५ मिलिमीटरमध्ये थांबले तर ५७० जीच्या. त्या कसोटीत कमाल धक्क्याची मर्यादा २७५ जी आहे. म्हणजे डोक्याला थांबायला किती जागा मिळते यावर सगळे अवलंबून आहे, आणि ती जागा थर्माकोल देतो. त्याच्या मण्यांत कोंडलेली हवा आणि मण्यांच्या भिंती चिरडत जातात आणि आघाताची ऊर्जा त्यात खर्ची पडते. मात्र हा थर पूर्ण जाडीपर्यंत दबत नाही. साधारण सत्तर टक्के दबला की त्याचा ठोकळा होतो आणि पुढचा धक्का थेट डोक्याला पोचतो. म्हणून वरचे २५ मिलिमीटर हवे असतील तर मुळात साडेतीन सेंटिमीटर जाडी लागते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त टोपीवजा हेल्मेटात जेमतेम एक सेंटिमीटरचा थर असतो, काहींत नुसता स्पंज असतो. कवच कितीही टणक असले तरी तिथे डोक्याला थांबायला जागाच नसते.

मग कवचाचे काम काय? दगडाच्या किंवा दुभाजकाच्या कडेचा मार एका बिंदूवर न राहता थर्माकोलच्या मोठ्या भागावर पसरवणे, टोकदार वस्तू आत शिरू न देणे आणि डांबरावर अडकून मान पिरगळण्याऐवजी डोके घसरू देणे. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिकचे कवच मार बसला की वाकते आणि बरेचसे पूर्ववत होते. काचतंतू, अरामिड किंवा कार्बन तंतूंच्या कवचाचे थर एकमेकांपासून सुटतात, तंतू तुटतात आणि त्यातही थोडी ऊर्जा जिरते. शिवाय तेवढ्याच ताकदीसाठी वजन कमी लागते, आणि रोज तासन्‌तास गाडी चालवणाऱ्याच्या मानेला तो फरक जाणवतो. फायबरच्या बाजूने एवढे नक्कीच बोलता येते. पण महाग कवच म्हणजे आपोआप अधिक सुरक्षित, हे खरे नाही. कवच ताठ असेल तर आतला थर्माकोल त्या मानाने मऊ हवा, कवच लवचीक असेल तर थर्माकोल वेगळा हवा. ही जोडी जुळवण्यातच निर्मात्याचे कसब असते, आणि किमतीच्या चिठ्ठीवर ते उमटत नाही. ब्रिटन सरकारचा ‘शार्प’ हा उपक्रम बाजारातली हेल्मेट वेगवेगळ्या वेगाने आपटून त्यांना एक ते पाच तारे देतो. त्यात स्वस्त प्लास्टिकच्या हेल्मेटांनी पाच तारे मिळवले आहेत आणि महागड्यांनी कमीही. पंधराशे आणि सात हजार यांतला फरक बराचसा वजन, वारा खेळण्याची सोय, काचेचा दर्जा आणि रंगकाम यांचा असतो.

इथे एक शंका हमखास निघते. गाडी ताशी साठने धावत असताना सत्तावीसच्या कसोटीचा उपयोग काय? पडताना डोके रस्त्यावर किती जोरात आदळेल हे मुख्यतः ते किती उंचीवरून खाली येते यावर ठरते. बसलेल्या चालकाचे डोके साधारण दीड मीटरवर असते आणि तिथून पडताना त्याचा खालच्या दिशेचा वेग ताशी वीसच्या आसपास होतो. गाडीचा पुढचा वेग घसरण्यात खर्च होतो. डोके थेट खांबावर किंवा ट्रकवर आदळले तर मात्र हा हिशेब लागू होत नाही आणि कोणतेही हेल्मेट तिथे हमी देऊ शकत नाही.

आता गादी. कापडाखालचा मऊ फोम डोके आरामात बसवण्यासाठी असतो, मोठ्या आघातात तो लगेच चपटा होतो. म्हणून अंगठ्याने दाबून मऊपणा पाहण्यात सुरक्षेची परीक्षा होत नाही. पण या फोमआड एक गोष्ट लपू शकते. काही निर्माते एकच कवच आणि एकच थर्माकोल सगळ्या मापांना वापरतात आणि लहान माप फक्त जाड गादीने भरून काढतात. हे ओळखायला एकाच मॉडेलचे मीडियम आणि एक्स्ट्रा लार्ज मागवा, दोन्हींचे बटणांचे अस्तर काढा आणि आत शेजारी शेजारी पाहा. दोन्हींत थर्माकोलची पोकळी सारखीच असेल तर तुमचे माप गादीने बनवलेले आहे. अस्तर काढलेच आहे तर आणखी दोन गोष्टी बघा: थर कपाळावर, कानांच्या वर आणि मागे सलग आहे का, आणि हनुवटीच्या पट्टीत खरोखर थर्माकोल आहे की नुसती पोकळी. अस्तर निघतच नसेल तर दुसरे मॉडेल पाहावे. अस्तर निघणारे हेल्मेट घामाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात धुताही येते. घालून पाहताना गाल थोडे दाबले जायला हवेत आणि हेल्मेट हलवले की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलायला हवी. गादी काही आठवड्यांत बसते, त्यामुळे पहिल्याच दिवशी सैल वाटणारे हेल्मेट पुढे आणखी सैल होणार.

हे सगळे बघायचे ते आयएसआय चिन्ह असलेल्या हेल्मेटांतच. १ जून २०२१ पासून देशात या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकायला बंदी आहे. चिन्हाच्या वर IS 4151 आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या BIS Care अ‍ॅपमध्ये टाकला की निर्मात्याचे नाव दिसते. ते हेल्मेटवरच्या नावाशी जुळले नाही तर तिथेच थांबावे.

विकत घेतल्यानंतरही थर्माकोलची काळजी वेगळी घ्यावी लागते, कारण तो एकदा चेपला की परत फुगत नाही. सिग्नलवर किंवा पार्किंगमध्ये हेल्मेट आरशाच्या दांड्यावर अडकवायची सवय सर्रास आहे. तो दांडा बरोबर कपाळाच्या किंवा टाळूच्या जागी रुततो, रोज थोडा थोडा, आणि कापडाखाली खळगा तयार होतो. पेट्रोल आणि थिनर थर्माकोल विरघळवतात, पॉलिकार्बोनेटच्या कवचाला बारीक चिरा पाडतात. त्यामुळे पेट्रोलच्या फडक्याने पुसणे किंवा कवचावर हवा तो रंग मारणे टाळावे. सहा महिन्यांनी अस्तर काढून आतून हात फिरवा. कुठे खळगा लागला, मणी सुटून हाताला आले किंवा थर कवचापासून सुटा वाटला, तर बाहेरचा रंग अजून नवा असला तरी हेल्मेट बदलायचे.