एकरी ऐंशी किलो

कृषी प्रदर्शनातून घरी येताना पिशवीत चार-सहा पत्रकं येतातच. त्यातल्या एखाद्यावर ठळक अक्षरांत असतं: ‘सोयाबीनच्या उत्पादनात साडेदहा टक्के वाढ, प्रयोगाने सिद्ध.’ समजा, अशा एका फवारणीच्या औषधाचा मूळ अहवाल आपण मागवला. समजून घेण्यापुरते आकडे धरू. फवारणी न केलेल्या प्लॉटचं सरासरी उत्पादन हेक्टरी १९०० किलो, फवारलेल्याचं २१००. फरक दोनशे किलोंचा, म्हणजे एकरी साधारण ऐंशी.

उत्पादनाच्या तक्त्याकडे मी नंतर वळतो. आधी शोधतो तो प्लॉटच्या मांडणीचा नकाशा. तो नसेल तर पुष्कळदा प्रकार असा असतो: एका एकरात फवारणी केली, शेजारचा एकर तसाच ठेवला आणि दोन्हीकडे पाच-पाच ठिकाणी चौकट टाकून कापणी केली. अहवालात मग ‘पाच पुनरावृत्ती’ असं छापून येतं. पण त्या पाच पुनरावृत्ती नव्हेत, एकाच रानाची ती पाच वजनं आहेत. त्या एकराला गेल्या वर्षी शेणखत पडलं असेल किंवा दुसऱ्या एकरात पाणी साचलं असेल, तर तो फरक प्रत्येक नमुन्यात उतरणारच. पाचाऐवजी पन्नास नमुने घेतले तरी एवढंच कळेल, की या एकरात त्या एकरापेक्षा जास्त पिकलं. ते औषधानं की शेणखतानं, हे कळणार नाही.

रोनाल्ड फिशर १९१९मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात आले, तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण होती. त्यातून निघालेली रीत आजही चालते. रानाचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात सगळे उपचार घ्यायचे आणि कोणत्या प्लॉटला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. काळ्या रानाला उतार असेल तर पट्टे उताराला आडवे हवेत, म्हणजे एका पट्ट्यातली माती आणि ओल सगळीकडे सारखी राहते. नकाशात प्रत्येक पट्ट्यात उपचारांचा क्रम तोच दिसला, तर चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत असं समजावं.

आपल्या अहवालात हे सगळं नीट आहे असं धरू: सहा उपचार, चार पुनरावृत्ती, चोवीस प्लॉट. तरीही सारखंच खत-पाणी दिलेले दोन प्लॉट कधी सारखं पिकत नाहीत. या नैसर्गिक चढउताराचं प्रमाण अहवालात ‘सी.व्ही.’ म्हणून दिलेलं असतं. ते दहा टक्के असेल, तर दोन हजारांच्या सरासरीवर एकेक प्लॉट दोनशे किलोंनी सहज इकडेतिकडे होतो. त्यावरून तक्त्याच्या तळाशी ‘सी.डी.’ काढतात. दोन उपचारांतला फरक त्याहून मोठा असेल, तरच तो निव्वळ योगायोगाच्या पलीकडचा मानायचा. आपल्या प्रयोगात ती येते सुमारे तीनशे किलो. फरक आहे दोनशेचा. विद्यापीठाच्या भाषेत हे दोन उपचार ‘ॲट पार’, बरोबरीचे. पत्रकावर ही तळाची ओळ कधी छापलेली मला दिसली नाही. पुनरावृत्ती आठ केल्या असत्या, तरी सी.डी. दोनशेच्या थोडी वरच राहिली असती.

आता कापणी किती जागेवर केली ते पाहू. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या ओळी, कडेची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडून आतला निव्वळ प्लॉट ३.६ बाय ४ मीटरचा, म्हणजे १४.४ चौरस मीटर. हेक्टरी आकडा काढायला वजनाला जवळजवळ सातशेनं गुणावं लागतं. एका प्लॉटच्या वजनात शंभर ग्रॅमची चूक झाली, की त्या प्लॉटचा हेक्टरी आकडा सत्तर किलोंनी हलतो. कडेच्या ओळींना ऊन आणि हवा जास्त मिळते, म्हणून त्या सोडायच्या. न सोडता केलेली कापणी आकडा फुगवते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे यांनी पीककापणीच्या पाहण्यांत दाखवून दिलं होतं, की फार लहान प्लॉट उत्पादन फुगवून सांगतात. हद्दीवरची झाडं आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, हे त्यामागचं एक कारण.

आणि हंगाम? एकच. पाऊस वेळेवर पडलेल्या वर्षी दिसलेला फायदा फुलोऱ्यात वीस दिवसांचा खंड पडला तर टिकेल की नाही, ते या कागदावरून कळायला मार्ग नाही.

म्हणून औषध निरुपयोगी ठरलं असं नव्हे. या प्रयोगावरून खरा फरक हेक्टरी शंभर किलो तोट्यापासून पाचशे किलो फायद्यापर्यंत कुठेही असू शकतो. एकराच्या हिशेबात चाळीस किलो कमी, ते दोन क्विंटल जास्त. ‘साडेदहा टक्के’ हा त्या लांबलचक पट्ट्याचा केवळ मधला बिंदू. फवारणीचा खर्च त्या पट्ट्यात कुठे बसतो, हे बियाणं-खताची उधारी डोक्यावर असलेल्यानं बाटली घेण्याआधी मांडून पाहावं.